तरवाल्याचं काय झालं

परवाच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, शेवटी त्या तरवाल्याचं काय झालं? तो परत आला की बुडाला?" मी म्हटलं, लिहून कळवते. तुम्हाला वाटलं असेल, आजीला आठवत नाहीये. मला सगळं आठवतंय. पण या प्रश्नाने आमच्या सोसायटीत आठवडाभर जे काही झालं, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि तुमची आई मध्येच "आई, थोडक्यात सांग ना" म्हणाली असती.

मी तेहेतीस वर्षं एका विमा कंपनीत लघुलेखिका होते. साहेब जे बोलतील तेच कागदावर आलं पाहिजे, त्यांच्या मनात काय असेल ते नाही. या सवयीमुळेच मुलुंडच्या आमच्या सोसायटीत बारा वर्षं मी सचिव आहे. दुसऱ्या कोणाला इतिवृत्त लिहायचं नसतं हेही एक कारण आहे, पण ते जाऊ दे.

दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी तुम्ही पाहिल्या आहेत. मागच्या मे महिन्यात तुम्हाला कोकम सरबत देऊन देऊन ज्यांनी बेजार केलं, त्या. वय अठ्ठ्याऐंशी, माणगावकडच्या नाही हो, पार खालच्या, मालवणकडच्या. यजमान गिरणीत होते. मुलगा-सून सकाळी आठला बाहेर पडतात ते सातला येतात. मावशींची नजर सहा वर्षांपूर्वी गेली. उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. तेव्हापासून रोज चार वाजता मी त्यांच्याकडे जाते. त्या चहा करतात, मी टीव्ही लावते, आणि पडद्यावर काय चाललंय ते सांगते.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. माणसं बोलत असताना आपण बोलायचं नाही. दोन संवादांच्या मध्ये जेवढी फट मिळेल तेवढ्यात सांगायचं. आणि दिसतं तेच सांगायचं. "ती दुःखी आहे" असं सांगितलेलं मावशींना चालत नाही. "मान खाली आहे, पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय" असं सांगायचं. दुःखी आहे की चिडलीये ते त्या ठरवणार. सुरुवातीला मी चुकायची. तेव्हा त्या ओरडायच्या, "तू काय बघलंस ता सांग गो, तुका काय वाटला ता नको!"

ही मालिका आठ भागांची. एका खाडीवर तर, म्हणजे प्रवासी होडी, चालवणारा पन्नाशीचा माणूस, माणसं या काठावरून त्या काठावर नेणारा. त्याची बायको. खाडीवर नवा पूल होतोय. पूल झाला की होडीची गरज संपली. एवढीच गोष्ट. तरवाल्याला मालिकेत नाव आहे, पण आम्ही तरवालाच म्हणायचो. मावशींचे वडील असेच होडीवर होते, त्यामुळे दुसऱ्या भागापासून तो त्यांच्या घरातलाच झाला. "आज जेवलो काय तो?" असं त्या मला दुपारी बारालाच फोन करून विचारायच्या. आदल्या दिवशीच्या भागात तो उपाशी निघून गेला होता.

शेवटचा भाग आम्ही मंगळवारी पाहिला. तुमचे आजोबाही आले होते आणि दहाव्या मिनिटाला झोपले. हे मुद्दाम नोंदवते, कारण पुढच्या आठवडाभरात शेवटाबद्दल सर्वांत ठाम मत त्यांचंच होतं.

पुलाच्या उद्घाटनाच्या सकाळी बँड वाजतोय, आणि तरवाला एकटाच होडी घेऊन निघतो. पुलावरून ती होडी ठिपक्याएवढी दिसते, समुद्राच्या तोंडाकडे जाताना. मग घर. बायको मागच्या पडवीत तांदूळ निवडतेय. फाटकाची कडी वाजते. कोणीतरी खोकतं. बायको मान वर न करता म्हणते, "हं. चहा ठेवते." उठून आत जाते. उंबऱ्यापाशी चपलांचा एक जोड. मग पडदा काळा. नावं सुरू.

चपला दिसल्या आणि मी म्हणाले, "आला."

"इलो!" मावशींनी टाळी वाजवली. तुमचे आजोबा दचकून जागे झाले. मावशींनी डोळे पुसले, पदर खोचला आणि सुनेला ऑफिसात फोन करून सांगितलं की येताना स्टेशनजवळून दोन किलो पेढे आण. सुनेला वाटलं नातवाचा निकाल लागला. ती घाईघाईने अर्धा तास लवकर घरी आली.

सत्तावीस घरांत पेढे गेले. मी आणि सून डबा घेऊन फिरलो. दार उघडलं की लोक आधी पेढा तोंडात टाकायचे, मग "कशाबद्दल?" विचारायचे. "तरवाला परत आला" म्हटल्यावर निम्मे म्हणाले, "अरे वा, अभिनंदन." तो कोण, हे कोणीही विचारलं नाही. मला वाटतं त्यांना तो मावशींचा कोणी लांबचा भाऊ वाटला.

अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये सुरू झाली.

आमचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झाले आहेत. मोबाईलवर वाचतात आणि वाचलेलं सगळ्यांना सांगतात. लिफ्टमध्ये ते मला म्हणाले, "मॅडम, पेढे छान होते हो. पण तो तर बुडाला ना?"

"कोण?"

"तुमचा तरवाला. 'शेवट उलगडला' म्हणून एक लेख आलाय. स्पष्ट लिहिलंय. पाण्यात बुडणारा हात दाखवलाय म्हणे."

"हात? हात कुठे दाखवलाय?"

"मॅडम, छापून आलंय," ते म्हणाले, आणि तळमजला आला.

लिफ्टमध्ये तेव्हा मावशींकडे भांडी घासणारी बाईही होती. दहा मिनिटांत मावशींचा फोन आला. आवाज बारीक.

"बुडालो म्हणतत. मी बुडालेल्या माणसाचे पेढे वाटले काय गो?"

आता यात हसण्यासारखं काय आहे हे तुम्हाला कळायचं असेल, तर पुढचं ऐका. येत्या रविवारी सोसायटीचा सत्यनारायण होता. दरवर्षी प्रसादाचा शिरा मावशीच करतात. रवा भाजल्याचा वास आणि उलथन्याचा आवाज एवढ्यावर करतात, आणि गेल्या सहा वर्षांत एकदाही करपलेला नाही. मावशींनी जाहीर केलं, की त्या तरवाल्याला त्यांनी मुलासारखा मानलाय. तो गेला असेल तर त्यांना सुतक आहे, आणि सुतकात त्या प्रसादाला हात लावणार नाहीत.

ऑफिसला निघालेल्या सुनेने डोक्याला हात लावला. "आई, तो टीव्हीतला आहे!"

"मगे काय झाला? टीव्हीतलो लग्न करता तेव्हा तू साडी बघतस ना?"

भटजींना फोन लावला. स्पीकरवर. भटजी म्हणाले, "मालिकेतल्या पात्राचं सुतक शास्त्रात नाही." सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात भटजी थांबून म्हणाले, "पण नक्की गेला का तो? आमच्या घरी दोन मतं आहेत."

त्यानंतर मावशींच्या घरी जणू रांगच लागली. शिरा वाचवायचा म्हणून प्रत्येक जण एकेक शेवट घेऊन यायला लागला. समोरच्या दारच्या गुजराती बेन म्हणाल्या, तो वाचला, कोळ्यांनी काढला. त्यांनी कोळ्यांच्या होडीचा रंगही सांगितला. पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, त्याला पुलाच्या टोलनाक्यावर नोकरी लागली. कुणी म्हणालं, रत्नागिरीला मुलाकडे गेला. त्याला मूल नाहीये. तुमच्या आजोबांनी सांगितलं की तो बायकोला कंटाळून मुद्दाम निघून गेला, "चेहऱ्यावरच दिसत होतं." मी विचारलं, "कुठल्या चेहऱ्यावर? तुम्ही घोरत होतात." तर म्हणाले, "शेवटी उघडले होते डोळे." शेवटी पडदा काळा होता!

अध्यक्षांनी आणखी पुढचं टोक गाठलं. स्वतः जाऊन मावशींना म्हणाले, "मावशी, दुसरा सीझन येतोय, त्यात सगळं कळेल." मी लगेच शोधलं. दुसऱ्या सीझनची कोणी घोषणा केलेली नाही. मी त्यांना तसं म्हटलं, तर हळूच म्हणाले, "मॅडम, शिरा व्हायला हवा ना."

बुधवारी चारला मी नेहमीसारखी गेले. टीव्ही बंद. मावशी पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. चहा केला नव्हता. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"बस," त्या म्हणाल्या. "सकाळपासून त्याचे सात शेवट झाले. मोजलंय मी."



"आमचे हे हॉस्पिटलात होते. माझे डोळे तेव्हा चांगले, पण माका घरातच ठेवल्यानी. दोन दिवस सगळे सांगत होते, आराम पडता हा, आराम पडता हा. शेजारीण तर म्हणाली, पेज खाल्ल्यानी. तवसर ते गेले होते गो. पहिल्याच राती." त्यांनी चादरीची सुरकुती हाताने सपाट केली. "सगळे मायेनं बोलले. एक जण खरा बोलला नाय. आता डोळे नाय, म्हणान तुझे डोळे वापरतंय. तू बघलंस. माका सांग, तो इलो की नाय इलो? तू जर गोड सांगूक लागलंस, तर मगे माका टीव्ही काय, सगळाच बंद."

मी म्हटलं, "पुन्हा बघून सांगते."

खरं तर मला वाटत होतं की पुन्हा बघायची गरज नाही. तो आलाय. मी पाहिलंय.

तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहते. अंधेरीला एका स्टुडिओत काम करते, मालिकांखाली येणारी वाक्यं लिहिण्याचं. त्या दिवशी घरून काम करत होती. मी वही-पेन्सिल घेऊन गेले. ती म्हणाली, "काकू, एक सीन बघायला शॉर्टहँड? झकास!" मग लॅपटॉपवर शेवटची तीन मिनिटं थांबवत थांबवत लावली.

पहिल्यांदा आम्ही आवाज बंद करून पाहिलं. मग डोळे मिटून फक्त आवाज ऐकला. म्हणजे मावशींनी जसं ऐकलं तसं. मग दोन्ही एकत्र.

फाटक दिसत नाही. कडीचा फक्त आवाज येतो. खोकणारा माणूस एकाही क्षणी दिसत नाही. पाय नाहीत, सावली नाही. मी म्हटलं, "खोकला त्याचाच आहे ना? सातव्या भागात तो असाच खोकतो." मुलीने तिसरा भाग काढला. त्यात त्याचा भाऊ बिडी ओढून अगदी तसाच खोकतो.

"'चहा ठेवते' कोणाला म्हणते मग?" मी विचारलं.

"बघू या आधी कधी म्हणालीये का," ती म्हणाली. पाचव्या भागात सापडलं. त्याला यायला उशीर झालेला असतो, घरात कोणी नसतं, आणि ती रिकाम्या झोपाळ्याकडे पाठ करून हेच दोन शब्द म्हणते. सवयीने. तेव्हा तो तासाभराने आला होता.

मग तिने हिंदीतली आवृत्ती लावली. तिथे ती म्हणते, "आ गए? चाय चढ़ाती हूँ।" मी खुर्चीत सरळ बसले. "हे बघ! आ गए!"

"काकू, हे डबिंगवाल्यांचं आहे. मूळ मराठीत ती नुसतं 'हं' म्हणते, पण ओठ जरा जास्त हलतात. ते ओठ भरायला हिंदीत दोन शब्द घातलेत. मूळ काय, तर मराठी." मग इंग्रजी वाक्यं दाखवली. तिथे 'तुझ्यासाठी चहा करते' अशा अर्थाचं होतं. तेही मूळ मराठीत नाही. इंग्रजीत वाक्य नीट बसावं म्हणून कोणीतरी केलेलं. आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी जी ओळ खाली येते, तिथे फक्त 'खोकल्याचा आवाज' एवढंच. कोणाचा, ते नाही.

"आम्हाला सूचनाच असते," ती म्हणाली. "पाहणाऱ्याला जे अजून माहीत नाही, ते ओळीतून फोडायचं नाही. ज्याने ही ओळ लिहिली त्याने काम बरोबर केलंय."

मला ते वाक्य लागलं. ते तिला कळलं नाही.

बुडणाऱ्या हाताचंही तिने शोधून दिलं. तो हात आठही भागांत कुठेच नाही. मालिका यायच्या आधी जी जाहिरात दाखवतात, तिच्यात आहे. आणि तोही बुडत नाहीये. दुसऱ्या भागात तरवाला पाण्यात पडलेलं वल्हं काढतो, त्याच प्रसंगाचा, मागाहून कापलेला तुकडा. लेख लिहिणाऱ्याने जाहिरात पाहून शेवट लिहिला होता.

"होडी तरी काठाला परत लागलीये का?" मी विचारलं. घराआधी काठाचं एक लांबून घेतलेलं दृश्य आहे. होडी बांधायचा खांब जिथे असतो, नेमका तिथे बँडवाल्यांचा मांडव आलाय. आम्ही ते चित्र मोठं करून करून पाहिलं. शेवटी फक्त ट्रम्पेट दिसायला लागला.

"लेखक काय म्हणतात?" मी विचारलं. तिने एक मुलाखत ऐकवली. लेखकाला सरळ विचारलंय, आणि त्याने सांगितलंय की पडद्यावर आहे त्यापलीकडचं उत्तर त्याच्याकडेही नाही; लपवलेलं काही नाही.

आता उरल्या चपला. ओल्या आहेत, टोकं घराच्या आत. पण तरवाला होडीत चढताना चपला काठावरच्या दगडावर काढून ठेवतो, दर वेळी. पहिल्या भागापासून मीच मावशींना सांगत आलेय. म्हणजे तो स्वतः घालून आला असेल, किंवा कोणी त्या दगडावरून उचलून आणून ठेवल्या असतील. दोन्ही होऊ शकतं.

मी वही मिटली. खोकला आणि चपला यांच्या मधल्या फटीत मी मावशींना एक माणूस उभा करून दिला होता. सात शेवट सांगणाऱ्या सगळ्यांवर मी मनातून चिडले होते, आणि आठवा, म्हणजे खरं तर पहिला, माझा होता. पेढेही माझ्यामुळेच वाटले गेले. तेहेतीस वर्षांत साहेबांच्या तोंडी एक शब्द घातला नव्हता.

गुरुवारी व्यवस्थापन समितीची बैठक होती. विषय पाण्याच्या टाकीचा आणि सत्यनारायणाचा. अध्यक्षांनी ऐनवेळचा विषय म्हणून मांडलं, की मावशींना समितीने अधिकृत पत्र द्यावं, तरवाला हयात असल्याचं. लेटरहेडवर, शिक्क्यासह. म्हणजे सुतकाचा प्रश्नच मिटतो.

"बुडालाय असं तुम्हीच म्हणालात ना?" मी विचारलं.

"ते माझं वैयक्तिक मत. हे समितीचं."

पाचव्या मजल्याने मतदान सुचवलं. हात वर झाले. आला: सात. बुडाला: पाच. तुमचे आजोबा तटस्थ, कारण झोपले होते. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी टाकीच्या गळतीची तक्रार घेऊन आली होती. ती दारातच हसत उभी राहिली.

"मंजूर," अध्यक्ष म्हणाले. "मॅडम, लिहा."

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं: "शेवटच्या दृश्यात तरवाल्याचं काय झालं हे दाखवलेलं नाही. ते ठरवण्याचा अधिकार या समितीला नाही. पाण्याची टाकी शनिवारी साफ होईल."

"अहो, पण बहुमत झालंय!"

"बहुमताने चपलेत पाय येत नाही," मी म्हटलं. "पाहिजे तर नवा सचिव नेमा."

 इतिवृत्त लिहायचं संकट प्रत्येकाला दिसलं असावं. पाचव्या मजल्याने खिडकीबाहेर बघितलं. अध्यक्ष म्हणाले, "टाकी शनिवारी किती वाजता?"

शुक्रवारी चारला मी वही घेऊन मावशींकडे गेले.  त्यांनी टीव्ही बंद केला तर संध्याकाळी चार वाजता मी कुठे जाणार होते, हा विचार मनात होता, खोटं कशाला सांगू.

"सांग," त्या म्हणाल्या.

मी आधी माझं सांगितलं. "मावशी, त्या दिवशी मी 'आला' म्हणाले. ते मी पाहिलं नव्हतं. मला तो यायला हवा होता, म्हणून म्हटलं. माणूस दिसलेला नाही."

मी वाचायला लागले. होडी समुद्राच्या तोंडाकडे जाताना दिसते, उलटताना दिसत नाही. परत लागलेलीही दिसत नाही. खांबापुढे मांडव आहे. कडी ऐकू येते. खोकला ऐकू येतो, तो त्याच्यासारखा आहे आणि भावासारखाही. चपला त्याच्या, ओल्या. आणणारा दिसत नाही. तो आला असं मानायला हे हे आहे. आला नाही असं मानायला हे हे. हात जाहिरातीतला, तो सोडून द्यायचा. पुढचा सीझन जाहीर झालेला नाही. लिहिणारा म्हणतो, यापुढचं त्यालाही ठाऊक नाही.

"चपलांची तोंडा खय होती?" त्यांनी मध्येच विचारलं.

"आत."

"दोन्ही सरळ?"

मी वही पाहिली. "डावी जरा तिरकी."

त्यांनी विचार केला. "काढून ठेवल्यान तरी तिरकी ऱ्हवता, कोणी टाकल्यान तरी ऱ्हवता," त्या म्हणाल्या. मग, "ती चाय ठेवूक गेली, ह्या तरी खरा?"

"ते खरं. आत जाताना दिसते. आतून भांड्याचा आवाज येतो."

"आणि बघूक मान वर केली नाय."

"नाही केली."

मी वही मिटली. मला वाटलं, संपलं. मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशीच माका कळला होता गो. तू रोज म्हणतस, अमुक दिसता, तमुक दिसता. त्या दिवशी सरळ 'आला' म्हणालंस. आवाज पण लग्नाघरचो."

"मग पेढे कशाला वाटलेत?"

"सुनेनं साखर बंद केली हा ना माझी," त्या म्हणाल्या. "निमित्त होया होता. दोन खाल्लंय. पण सकाळी तो बुडालो म्हटल्यावर घशात अडकले." आणि मग जरा थांबून, "परत असा करू नको."

"नाही करणार."

"जा, मगे रवो किती लागतलो तो सुनेक सांग. सुतक मेलेल्याचा धरतत. माहीत नसलेल्याचा धरूचा म्हटला तर अर्ध्या कोकणान जेवूकच नको."

भटजींना हा निर्णय फोनवर कळवला. ते म्हणाले, अगदी बरोबर आहे, आणि आमच्या घरीही सांगतो.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे: दाखवलेलं नाही. तुम्हाला तो आला असं वाटत असेल तर वाटू द्या, तसं वाटायला कारणं आहेत. बुडाला वाटत असेल तर त्यालाही आहेत. फक्त "मला वाटतं" हे दोन शब्द पुढे लावायला विसरू नका. आजी विसरली, तर दोन किलो पेढे वाटावे लागले.

रविवारी शिरा उत्तम झाला. पूजा झाल्यावर मावशींनी एका वाटीत थोडा शिरा काढला, वर ताटली झाकली आणि खुर्चीच्या हाताशी ठेवली. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. आरती झाली, प्रसाद वाटला गेला, लोक पांगले. मावशींनी हाताने चाचपडून पाहिलं. ताटली होती, वाटी नव्हती.

"वाटी खय गेली?"

"अध्यक्षांनी खाल्ली," मी म्हटलं.

"तुका वाटता?"

"नाही मावशी. पाहिलं मी. उभ्याने, बोटांनी. शेवटचं बोट चाटताना माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, मॅडम, हे लिहू नका."

"लिही," मावशी म्हणाल्या.